विस्कटलेलं वाक्य शेवटाकडून बांधायचं

«माझी मुलगी पाचवीत आहे, शिष्यवृत्तीला बसतेय. "शब्दांचा योग्य क्रम लावून अर्थपूर्ण वाक्य तयार करा आणि शेवटून दुसरा शब्द सांगा" असल्या प्रश्नात ती अंदाज मारते आणि निम्मे चुकतात. मला शब्द बघताच वाक्य दिसतं, पण ते कसं दिसलं हे तिला सांगता येत नाही. याला काही पद्धत असते का? आणि त्याच शब्दांची दोन वाक्यं होत असतील तर काय करायचं?»

पद्धत आहे. फक्त आपण मोठी माणसं मुलांना ती नेमकी उलट्या बाजूने शिकवतो. मी २२ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं शिष्यवृत्तीचे जादा तास घेतले. त्या अनुभवावरून सांगते.

एकदा मुलीच्या शेजारी बसा आणि ती शब्दांकडे कशी बघते ते नुसतं बघत राहा. बहुतेक मुलं आधी एखादं माणूस शोधतात. 'आजोबांनी' सापडले की लगेच ओळीच्या सुरुवातीला लिहितात आणि मग पुढे काय म्हणून अडतात. कारण 'आजोबांनी'च्या पुढे उरलेल्यांपैकी जवळपास कोणताही शब्द येऊ शकतो. इथून अंदाज सुरू होतो. तिला मराठी येत नाही असं मुळीच नाही. ती बोलताना कधी 'आईचा साडी' म्हणणार नाही. प्रत्यय तिला येतात, पण कागदावर सुटे पडलेले शब्द समोर आले की त्या प्रत्ययांना एकेक करून विचारायचं असतं, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

मी वर्गात सांगायचे, मराठी वाक्याचं डोकं सैल आणि शेपूट घट्ट. सुरुवातीला काळ आला काय, कर्ता आला काय, वाक्य बिघडत नाही. शेवट मात्र ठरलेला असतो: क्रियापद, त्याच्या आधी त्याला चिकटलेला शब्द, त्याच्या आधी त्या शब्दाचं विशेषण. म्हणून शेपटाकडून डोक्याकडे जायचं. एक वाक्य पूर्ण सोडवून दाखवते.

सांगितली / नातीला / गोष्ट / आजोबांनी / विहिरीची / लाडक्या / जेवणानंतर / गावातल्या / रात्री

नऊ शब्द. नुसत्या अदलाबदलीने त्यांच्या ३,६२,८८० मांडण्या होतात, आणि पहिल्या पेपरात भाषा-गणित मिळून ७५ प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद मिळतात. 'लावून बघू' इथे चालतच नाही.

पहिलं काम, क्रियापद. इथे ते सोपं आहे: 'सांगितली'. ते नवव्या जागेवर ठेवून टाकायचं. आता त्या शब्दाला प्रश्न विचारायचा: तू 'सांगितला' नाहीस, 'सांगितले' नाहीस, 'सांगितली' का झालीस? काहीतरी स्त्रीलिंगी एकवचनी सांगितलं गेलं म्हणून. सगळ्या शब्दांत प्रत्यय न लागलेलं, कोरं नाम एकच आहे, 'गोष्ट'. ती गोष्ट, म्हणून सांगितली. आठवी जागा भरली.

आता 'गोष्ट'ला विचारायचं, तुझ्या आधी कोण? 'ची' लागलेला शब्द आहे, 'विहिरीची'. 'ची' म्हणजे पुढे एक स्त्रीलिंगी वस्तू हवी (किंवा 'आजीची पुस्तके'सारखं नपुंसकलिंगी अनेकवचन). गोष्ट स्त्रीलिंगी आहे, कडी बसली. सातवी जागा भरली. प्रश्न 'शेवटून दुसरा' किंवा 'शेवटून तिसरा' विचारत असेल तर उत्तर हातात आलं. डोक्याकडचे सहा शब्द अजून विस्कटलेलेच आहेत आणि तरीही प्रश्न सुटला. मुलीला हे एकदा दिसलं की तिचा अर्धा धसका जातो.

पूर्ण वाक्य हवं असेल तर पुढे जाऊ. उरलेल्यांत दोन शब्द 'या'वर संपतात, 'लाडक्या' आणि 'गावातल्या'. हे दोन्ही एकटे उभे राहू शकत नाहीत. त्यांना पुढे प्रत्यय लागलेलं नाम लागतं. तशी नामं तीन: आजोबांनी, नातीला, विहिरीची. 'लाडक्या विहिरीची' कुणी म्हणत नाही. 'लाडक्या आजोबांनी' व्याकरणात बसतं, पण घरात लाड करतात आजोबा आणि लाडकी असते नात. म्हणून 'लाडक्या नातीला' आणि 'गावातल्या विहिरीची'. राहिले 'रात्री' आणि 'जेवणानंतर', दोन्ही काळाचे. मराठीत काळ मोठ्याकडून लहानाकडे जातो. 'रविवारी सकाळी आठ वाजता' असं आपण म्हणतो, उलट म्हणत नाही. म्हणून:

रात्री जेवणानंतर आजोबांनी लाडक्या नातीला गावातल्या विहिरीची गोष्ट सांगितली.

'आजोबांनी रात्री जेवणानंतर लाडक्या नातीला…' असंही चालतं. डोकं सैल म्हणते ते याचसाठी. शेवटचे चार शब्द मात्र दोन्ही वाक्यांत जागच्या जागी आहेत.

आता यातल्या दोन गोष्टींवर जरा थांबते, कारण मुलं चुकतात ती तिथेच.

पहिली गोष्ट, 'च्या'. चा, ची, चे हे प्रत्यय पुढच्या नामाचं लिंग आणि वचन सांगतात: आजीचा चष्मा, आजीची काठी, आजीचे घर. 'च्या' ते सांगत नाही. 'च्या' एवढंच सांगतो की पुढच्या नामालाही शेपटी आहे: आजीच्या चष्म्याला, आजीच्या काठीने, आजीच्या घरात. तिन्ही लिंगांना एकच 'च्या'. मोठ्या, जुन्या, लाडक्या, गावातल्या या विशेषणांचंही तेच. मी फळ्यावर 'च्या' लिहून त्याच्या पुढे आकडा काढायचे, दाराला असतो तसा. मुलांना सांगायचे, हा आकडा आहे, याच्यात प्रत्यय लागलेला शब्दच अडकतो. अपवाद दोन सांगून ठेवा. स्त्रीलिंगी अनेकवचन कोरं असलं तरी चालतं: 'ताईच्या बांगड्या फुटल्या'. आणि 'घराच्या मागे', 'झाडाच्या खाली' यांसारख्या जोड्यांत पुढे नाम नसून मागे, खाली, पुढे असे शब्द असतात.

आकडा कुणाकुणाला अडकू शकतो हे प्रत्यय सांगतो. त्यांतला नेमका कोण, हे अर्थ ठरवतो. या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवायच्या. हे बघा:

शेतात / नाताळच्या / आम्ही / हुरडा / मामांच्या / सुट्टीत / खाल्ला

इथे 'च्या' दोन आणि 'त' लागलेली नामंही दोन. प्रत्ययाच्या हिशेबात 'नाताळच्या शेतात' आणि 'मामांच्या सुट्टीत' हेही बसतं. फक्त प्रत्यय बघणारं मूल इथे फसतं आणि फक्त अर्थ बघणारं मूल आधीच्या वाक्यात फसतं. नाताळला सुट्टी असते आणि मामांचं शेत असतं, हे कळलं की: आम्ही नाताळच्या सुट्टीत मामांच्या शेतात हुरडा खाल्ला.

दुसरी गोष्ट, क्रियापद कुणाच्या मागे जातं. मी एक वाक्य नेहमी द्यायचे: 'मुलीने भटक्या कुत्र्याला शिळी भाकरी घातली.' हे विस्कटून दिलं की वर्गातली निम्मी मुलं म्हणायची, मुलगी आहे म्हणून 'घातली'. मग मी मुलीच्या जागी मुलगा आणायचे. मुलाने भाकरी… घातला? हसायची. मुलानेही भाकरी घातलीच. आता मुलगी परत आणा आणि भाकरीच्या जागी भात ठेवा. मुलीने भात घातला. म्हणजे क्रियापद भाकरीकडे बघतंय, मुलीकडे नाही. का? मुलीला 'ने' लागलाय. कुत्र्याला 'ला' लागलाय. प्रत्यय लागलेल्या नामाशी क्रियापद जुळत नाही, ते कोऱ्या नामाशी जुळतं. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणतात, पण पाचवीच्या मुलीला नाव नको, युक्ती पुरे: एक शब्द बदलून बघ, क्रियापद हलतंय का? हलवणारा शब्द तो त्याचा जोडीदार, आणि तो बहुधा त्याच्या अगदी जवळ बसतो. त्याच वाक्यात 'शिळी' कुठे जाणार तेही आपोआप कळतं. शिळी भाकरीच असू शकते, कारण 'ई' कोऱ्या नामालाच जुळते. कुत्र्याला प्रत्यय आहे, त्याच्या आधी 'शिळ्या'सारखं काहीतरी लागलं असतं.

'ने' नसेल तर कर्ता कोरा असतो आणि क्रियापद त्याच्याशी जुळतं: मुलगा भाकरी खातो, मुलगी आंबा खाते. इथे कोरी नामं दोन आहेत, पण 'खातो' मुलाकडे बोट दाखवतं. दोन्ही नामं एकाच लिंगाची असली की ही खूण काही सांगत नाही. 'मांजर दूध पिते' यात मांजर आणि दूध दोन्ही नपुंसकलिंगी, तिथे अर्थावरच जायचं.

मी, आम्ही, तू, तुम्ही यांचा घोळ वेगळा. यांना 'ने' दिसत नाही, पण 'आम्ही हुरडा खाल्ला' यात क्रियापद हुरड्याशीच जुळलंय. म्हणून 'आम्ही'सोबत 'खाल्ला' बघून मुलं गोंधळतात, "आम्ही खाल्लो का नाही, बाई?" तिथेही शब्द बदलायची युक्तीच चालते: आम्ही भाकरी खाल्ली, आम्ही पेढे खाल्ले.

या 'ले'मध्ये एक छुपी अडचण आहे. छापील मराठीत 'फळ खाल्ले' आणि 'पेढे खाल्ले' यांतलं 'खाल्ले' सारखंच दिसतं. बोलताना आपण 'फळ खाल्लं' म्हणतो आणि 'पेढे खाल्ले' म्हणतो. मुलीला सांगा, असा शब्द आला की मनातल्या मनात घरातल्यासारखा उच्चार. 'खाल्लं' जास्त बरं वाटलं तर एक नपुंसकलिंगी वस्तू शोधायची, 'खाल्ले' बरं वाटलं तर अनेकवचन. 'आईने बाळाला झोपवले' असं असेल तर 'झोपवलं' बरं वाटेल, पण कोरं नाम सापडणार नाही. घाबरायचं कारण नाही. कुणीच कोरं नसलं की क्रियापद 'ले' धरून स्वस्थ बसतं.

तुमच्या घरी कोणती भाषा बोलतात हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्यावर बरंच अवलंबून आहे. माझ्या वर्गात घरी हिंदी बोलणारी मुलं असायची. त्यांना ही जुळणीची खूण चकवायची, कारण लिंगं बदलतात. हिंदीत 'आवाज' स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. ती मुलं 'आवाज आली' म्हणायची आणि विस्कटलेल्या वाक्यात 'आला' दिसलं की त्याचा जोडीदार दुसरीकडे शोधायची. अशा मुलांना मी आधी आठवडाभर फक्त तो-ती-ते करायला लावायचे. मुलगी घरी मराठीच बोलत असेल तर याची गरज नाही.

आता 'ला'. पाठ्यपुस्तकातून मुलांच्या डोक्यात बसतं की ने म्हणजे कर्ता, ला म्हणजे कर्म. मग 'सापडला / आजीला / चष्मा / फ्रीजमध्ये' असं आलं की ती 'ला' मागे ढकलतात आणि 'चष्मा आजीला फ्रीजमध्ये सापडला' लिहितात. चूक नाही, पण कुणी विचारल्याशिवाय आपण असं बोलत नाही. आवडणे, लागणे, सापडणे, मिळणे, वाटणे, हवे, पाहिजे ही क्रियापदं शेवटी असली तर 'ला' लागलेलं माणूसच पुढे येतं: आजीला फ्रीजमध्ये चष्मा सापडला. सुमनला गणित आवडते. म्हणून 'ला'चा निर्णय घ्यायच्या आधी शेपूट बघायचं. 'दिला' असेल तर 'ला' घेणाऱ्याचा, 'सापडला' असेल तर 'ला' ज्याला वस्तू सापडली त्याचा. 'पुण्याला', 'दिवाळीला' हे 'ला' वेगळेच, ते स्थळाचे किंवा काळाचे. तसंच 'ने'चंही आहे. 'आईने विळीने भाजी चिरली' यात दोन 'ने' आहेत. जिवंत 'ने' आधी, हत्याराचा 'ने' नंतर.

क्रियापद ओळखण्यातही एक फसगत आहे. 'बाबांनी मला दुकानातून वही आणून दिली' हे विस्कटलं की 'आणून' आणि 'दिली' दोन्ही क्रिया वाटतात. मी मुलांना सांगायचे, तो एकच शब्द मोठ्याने म्हणून गप्प बसा. "आणून." ऐकणारा वाट बघतो ना पुढे काय? मग तो शेवटचा नाही. "दिली." इथे थांबता येतं. करून, जाताना, आल्यावर, खायला हे सगळे वाट बघायला लावणारे शब्द. आणि 'आहे', 'होता', 'नाही' हे मुख्य क्रियापदाच्याही नंतर बसतात: लिहीत होता, आला नाही. 'नाही' दिसला की आधी त्याची जोडी लावून टाकायची, मग बाकीचं.

क्रियापदाच्याही नंतर जाणारा एक शब्द म्हणजे 'का'. 'तू येतोस का?' मध्ये तो शेवटी आहे, उत्तर हो किंवा नाही. 'तू काल शाळेत का आला नाहीस?' मध्ये तो क्रियापदाच्या आधी आहे, उत्तर कारणाचं. कुठे, केव्हा, काय, कोणी हेही बहुधा क्रियापदाला खेटून आधी बसतात. विस्कटलेल्या शब्दांत 'का' असेल तर पुढे प्रश्नचिन्ह आहे एवढ्यावर जाऊ नका, 'नाहीस'सारखं काही आहे का ते बघा.

थांबता येणारी क्रियापदं दोन निघाली तर वाक्यं दोन आहेत आणि मध्ये सांधा आहे. तो सांधा शोधायचा: की, पण, म्हणून, जर–तर, जेव्हा–तेव्हा. 'पाऊस / सहल / जर / रद्द / पडला / होईल / तर' यात 'पडला' आणि 'होईल' दोन शेपटं आहेत. 'पडला' पुल्लिंगी, म्हणजे पावसाचा. 'होईल' कुणाचाही असू शकतो, पण 'रद्द' सहलच होते. जर पाऊस पडला तर सहल रद्द होईल. प्रत्येक तुकड्याचं शेपूट त्या तुकड्याच्या शेवटी. 'बाबा म्हणाले की गाडी उशिरा सुटेल' यात 'म्हणाले' मध्येच दिसतं, पण आपल्या तुकड्यात ते शेवटीच आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, दोन वाक्यं होत असतील तर. होतात. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटलेले असल्यामुळे शब्द हलवला तरी नातं तुटत नाही, म्हणून हे होणारच. याबाबतीत मी स्वतः तोंडघशी पडले आहे. एका शाळेत सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका मी काढली होती. शब्द असे होते: आजोबांनी, आपल्या, नातीला, गावातल्या, विहिरीची, गोष्ट, सांगितली. आणि विचारलं होतं, दुसरा शब्द कोणता? माझं उत्तर 'आपल्या' होतं: आजोबांनी आपल्या नातीला… एका मुलाने 'नातीला' लिहिलं, मी चूक दिली. तो वही घेऊन आला. "बाई, आजोबांनी नातीला आपल्या गावातल्या विहिरीची गोष्ट सांगितली. काय चुकलं?" काहीच चुकलं नव्हतं. 'आपल्या' हा मोकळा आकडा आहे, नातीलाही अडकतो आणि गावालाही. सगळ्या वर्गाला ते गुण द्यावे लागले. नंतर मी दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून बघितली, तर शेवटचे चार शब्द दोन्हींत अगदी तेच होते. तेव्हापासून मी असे प्रश्न शेवटाकडूनच विचारू लागले.

हुरड्याच्या वाक्याचंही बघा. 'नाताळच्या सुट्टीत आम्ही मामांच्या शेतात हुरडा खाल्ला' हेही चांगलंच वाक्य. 'पहिला शब्द कोणता' विचारलं तर दोन उत्तरं. 'मधला शब्द' विचारलं तर या दोन मांडण्यांत 'मामांच्या'च येतो, पण 'आम्ही' अजून पुढे सरकवून 'मामांच्या शेतात आम्ही हुरडा खाल्ला' केलं की मधला शब्द 'शेतात' होतो. 'शेवटून दुसरा' विचारलं तर तिन्ही वेळा 'हुरडा'. तुमच्या मुलीला येणारा प्रश्न म्हणूनच बऱ्यापैकी सुरक्षित आहे.

तरीही परीक्षेत दोन वाक्यं सुचली तर तिने आधी पर्याय बघावेत. चार पर्यायांत बहुधा दोघांपैकी एकाच वाक्याचं उत्तर असतं. दोन्ही असतील तर दोन्ही वाक्यं मनात म्हणून बघायची आणि ज्यात कुठल्याच शब्दावर जोर येत नाही ते घ्यायचं. क्रियापदाच्या अगदी आधीची जागा जोराची असते. 'आजोबांनी नातीला गोष्ट सांगितली' हे साधं. 'आजोबांनी गोष्ट नातीला सांगितली' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे नातवाला नाही सांगितली? असा 'म्हणजे दुसऱ्याला नाही' वास आला की ते वाक्य परीक्षेसाठी बाजूला ठेवायचं. बोलताना आपण 'आला एकदाचा पाऊस' असंही म्हणतो, क्रियापद पहिलं. कवितेत तर सर्रास. पण या प्रश्नात साधी, कुणी काही न विचारता सांगितलेली मांडणीच धरतात.

सरावाचं म्हणाल तर प्रश्नसंच आणायच्या आधी घरातलं जुनं कॅलेंडर घ्या. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर सात-आठ शब्दांचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहा, शब्द कापा आणि तिच्यासमोर टाका. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम देऊ नका, नाहीतर ती पूर्णविरामाचा तुकडा उचलून शहाणपणा करेल (मीही शिकले हे मुलांकडूनच). पहिला आठवडा तिला पूर्ण वाक्य लावूच देऊ नका. फक्त शेवटचे तीन तुकडे लावायचे आणि प्रत्येक तुकडा ठेवताना तो तिथे का, हे एका वाक्यात सांगायचं: "'घातली' आहे म्हणून भाकरी, भाकरी आहे म्हणून शिळी." कारण सांगता आलं नाही तर तुकडा बरोबर पडला तरी तो धरायचा नाही, अंदाज तिथेच लपून बसतो. दुसऱ्या आठवड्यात आकडे, म्हणजे च्या आणि या. पूर्ण वाक्य त्यानंतर.

तुम्हाला सुरुवातीला हे तुकडे देते: दाराला / कुलूप / शेजारच्या / काकांनी / लावले / गंजलेले / गोठ्याच्या. 'लावले' घरातल्यासारखं म्हणून बघितलं की 'लावलं' होतं, म्हणजे एक नपुंसकलिंगी वस्तू, म्हणजे कुलूप, आणि कुलपाला जुळणारं 'गंजलेले'. शेवटचे तीन लागले. मुलगी 'शेजारच्या' कुठे अडकवते ते बघा. काकांना अडकवला तर एक वाक्य होतं आणि गोठ्याला अडकवला तर दुसरं. दोन्ही तिला स्वतःहून सापडली तर पुढच्या आठवड्याची वाट न बघता पूर्ण वाक्यं सुरू करा.